शिळ्या भाताचा हिशेब

मार्च २०१५मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात अमेरिकन केमिकल सोसायटीचं अधिवेशन भरलं होतं. श्रीलंकेत रसायनशास्त्र शिकणाऱ्या सुधैर जेम्स या विद्यार्थ्याने आणि त्याच्या मार्गदर्शकांनी तिथे भात शिजवण्याची एक रीत मांडली. उकळत्या पाण्यात तांदळाच्या वजनाच्या तीन टक्के खोबरेल तेल घालायचं, त्यात तांदूळ शिजवायचा आणि मग तो भात बारा तास फ्रीजमध्ये ठेवायचा. एवढ्याने भातातल्या कॅलरी दहा-बारा टक्क्यांनी कमी होतील आणि योग्य वाण मिळालं तर पुढे निम्म्याहूनही कमी करता येतील, असा त्यांचा अंदाज होता. माणसांवरच्या चाचण्या अजून व्हायच्या होत्या. पण बातम्यांमध्ये ‘अंदाज’ आणि ‘पुढे’ हे शब्द गळून पडले. ‘भात फ्रीजमध्ये ठेवा, निम्म्या कॅलरी गायब’ एवढंच उरलं आणि ते अजूनही व्हॉट्सअॅपवर फिरतं आहे.

ही निव्वळ थाप असती तर लिहायची गरज नव्हती. भात गार केल्यावर त्यात खरोखरच बदल होतो आणि तो हाताला कळतो. रात्री फ्रीजमध्ये ठेवलेला भात सकाळी बाहेर काढून त्यातलं एक शीत बोटांत दाबून पाहा. ताजं शीत चेपलं की त्याचा पेढा होतो. गार शीत आधी दाद देत नाही, मग दोन-तीन कडक तुकड्यांत फुटतं. भात ‘वाळला’ असं आपण म्हणतो, पण डबा घट्ट बंद असला आणि पाणी तेवढंच राहिलं तरी शीत कडक होतंच.

तांदळाच्या दाण्यात स्टार्च बारीक कणांच्या रूपात घट्ट रचलेला असतो. त्याचे रेणू दोन प्रकारचे. अमायलोज म्हणजे जवळजवळ सरळ, लांब साखळ्या आणि अमायलोपेक्टिन म्हणजे फांद्याफांद्यांचं मोठं झुडूप. पाण्यात तापवल्यावर साठ-सत्तर अंशांच्या पुढे ही रचना मोडते, कण पाणी पिऊन फुगतात आणि साखळ्या मोकळ्या होतात. यालाच आपण भात शिजला म्हणतो. मोकळ्या साखळ्यांवर आपल्या लाळेतले आणि स्वादुपिंडातले पाचकरस सहज चढाई करतात, त्यांचं ग्लुकोज करतात, आणि ते लगेच रक्तात उतरतं.

भात निवायला लागला की साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात. सरळ अमायलोजला हे सोपं जातं, म्हणून काही तासांतच त्याची घट्ट जुळणी होते. फांद्यांच्या अमायलोपेक्टिनला तेच करायला दिवस लागतात. साधारण चार अंशांना, म्हणजे फ्रीजच्या तापमानाला, ही जुळणी चांगल्या वेगाने होते. जिथे ती घट्ट बसते तिथे पाचकरसाला शिरायला जागा उरत नाही आणि तेवढा स्टार्च लहान आतड्यातून न पचता पुढे जातो. याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात त्यांतून शरीराला थोडी ऊर्जा मिळते. पचणाऱ्या स्टार्चच्या एका ग्रॅममधून चार कॅलरी मिळतात, तर यातून साधारण दोन.

पुन्हा गरम केल्यावर हा सगळा फायदा जातो, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. गरम केल्यावर भात पुन्हा मऊ होतो, कारण अमायलोपेक्टिनची सैल जुळणी साठ अंशांच्या आसपासच सुटते. अमायलोजची जुळणी सुटायला शंभराच्या बऱ्याच वरचं तापमान लागतं आणि पातेल्यात, कढईत किंवा मायक्रोवेव्हमध्ये भात तेवढा तापत नाही. त्यामुळे गार भात गारच खायचा अट्टाहास नको.

आता यातून किती फरक पडतो ते पाहू. याचा एक नीट मोजलेला प्रयोग इंडोनेशियात झाला आणि तोही २०१५मध्येच प्रसिद्ध झाला. पांढऱ्या तांदळाचा भात तीन तऱ्हांनी तपासला गेला. ताज्या भातात दर शंभर ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च सापडला. दहा तास खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या भातात तो १.३० ग्रॅम होता आणि चोवीस तास चार अंशांना ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम. मग पंधरा निरोगी माणसांना एकदा ताजा आणि एकदा फ्रीजमधला गरम केलेला भात देऊन त्यांची रक्तशर्करा मोजली. दुसऱ्या वेळी साखरेच्या आलेखाखालचं एकूण क्षेत्र सुमारे १८ टक्क्यांनी कमी भरलं.

अडीच पट वाढ ऐकायला मोठी वाटते, पण वाढ झाली ती एक ग्रॅमची. शंभर ग्रॅम भातात अठ्ठावीस ग्रॅम कर्बोदकं असतात, त्यातला एक ग्रॅम अधिक न पचता गेला. म्हणजे साडेतीन टक्के. मग साखर १८ टक्क्यांनी कशी उतरली? बहुधा न पचणाऱ्या स्टार्चसोबत सावकाश पचणारा स्टार्चही वाढतो म्हणून. साखळ्यांची जुळणी जिथे अर्धवट असते तिथे पाचकरस पोचतात, पण उशिरा. ते ग्लुकोज रक्तात येतंच, फक्त एकदम उसळी मारून येत नाही. मधुमेहात ही उसळी महत्त्वाची असते, म्हणून साखरेपुरता हा परिणाम खरा मानायला हरकत नाही. अर्थात प्रयोगातली माणसं पंधराच होती, तेव्हा १८ हा आकडा दगडावरची रेघ धरू नये.

वजनाचं गणित मात्र अगदीच वेगळं निघतं. जेवणात दोनशे ग्रॅम भात घेतला असं धरू. त्याच्या साधारण दोनशे साठ कॅलरी आणि त्यात छप्पन्न ग्रॅम कर्बोदकं. इंडोनेशियातल्या आकड्यांनुसार गार करून गरम केल्यावर दोन ग्रॅम स्टार्च ‘न पचणारा’ झाला. प्रत्येक ग्रॅममागे चारऐवजी दोनच कॅलरी मिळाल्या, म्हणजे वाचल्या एकूण चार. दोनशे साठमधल्या चार! जेवताना एक घास मागे ठेवला तरी याहून जास्त वाचतात.

‘निम्म्या कॅलरी’चा दावाही याच गणिताने तपासता येतो. भातातला झाडून सगळा स्टार्च रेझिस्टंट झाला असं समजा. तरी त्या छप्पन्न ग्रॅमांतून प्रत्येकी दोन कॅलरी मिळणारच. म्हणजे जास्तीत जास्त निम्म्याच्या जवळपास पोचता येईल आणि तेही दाण्यात पचण्यासारखा स्टार्चच उरला नाही तर. असा भात कोणी ताटात वाढून घेणार नाही. शिवाय त्या रीतीतलं खोबरेल तेल विसरायचं नाही. एक चमचा तेल म्हणजे चाळीस कॅलरी. आपल्या फोडणीच्या भाताला माणशी एवढं तेल सहज लागतं आणि वाचलेल्या चार कॅलरींच्या दहापट कॅलरी मोहरी तडतडण्याआधीच कढईत पडलेल्या असतात. फोडणीचा भात खावाच, पण वजन कमी करायचं म्हणून खात असाल तर उगाच स्वतःची समजूत घालू नका.

शिळ्या भातातली खरी काळजीची गोष्ट या गणितात कुठेच दिसत नाही. इंडोनेशियातल्या प्रयोगात दहा तास खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या भातातही रेझिस्टंट स्टार्च दुप्पट झाला होता. ते वाचून कोणाला वाटेल, मग फ्रीज कशाला, रात्री ओट्यावर झाकून ठेवला की झालं. ओट्यावर रात्रभर ठेवलेल्या भातात मात्र आणखी एक काम चालू असतं.

बॅसिलस सेरियस हा मातीतला जिवाणू. तो तांदळावर शेतातूनच येतो आणि तांदूळ कितीही धुतला तरी थोडाफार राहतो. अडचणीच्या काळात तो स्वतःभोवती कवच करून बीजाणूच्या रूपात पडून राहतो. भात शिजताना शंभर अंशांना इतर जंतू मरतात, याचे बरेच बीजाणू टिकून राहतात. प्रेशर कुकरमध्ये तापमान जास्त चढतं आणि त्यात पुष्कळ बीजाणू जातात, पण सगळे गेले असं गृहीत धरता येत नाही, शिवाय झाकण उघडल्यावर डाव, हात आणि ओटा आहेतच. मग भात कोमट झाला, पाणी आणि अन्न भरपूर, स्पर्धेला दुसरं कोणी नाही. तीस-पस्तीस अंशांना, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या स्वयंपाकघरात, बीजाणू उगवतात आणि झपाट्याने वाढतात.

वाढताना त्यातले काही प्रकार सेरुलाइड नावाचं विष भातात सोडतात आणि उष्णतेचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. १२१ अंशांना दीड तास तापवूनही ते टिकतं. तेव्हा ‘चांगला परतून, वाफ काढून घेतला’ म्हणून सुटका होत नाही. गरम केल्याने जिवाणू मरतील, विष ताटात तसंच येईल. १९७१पासून ब्रिटनमध्ये चिनी रेस्टॉरंटमधला फ्राइड राइस खाऊन उलट्या झाल्याच्या घटना लागोपाठ उघडकीला आल्या, त्यांच्या मुळाशी हेच होतं. मोठाल्या भांड्यांत भात उकळून तो तासन्‌तास बाहेर ठेवत. फ्रीजमधला भात गोळे धरतो आणि परतायला त्रास देतो, म्हणून आचारी तो फ्रीजमध्ये ठेवायला नाखूश असत. तो मोठ्या आचेवर परतला जाई, तरी खाणारा आजारी पडे.

असा भात वासावरून ओळखता येत नाही, ही यातली सर्वांत वाईट बाब. आंबूस वास येणं, तार सुटणं, बुळबुळीत लागणं ही भात नासल्याची लक्षणं खरी आणि ती दिसली तर भात फेकायचाच. पण सेरुलाइडला वास नाही की चव नाही. तो भात खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांत उलट्या सुरू होतात. याच जिवाणूच्या दुसऱ्या प्रकारात विष आतड्यात तयार होतं, तेव्हा आठ ते सोळा तासांनी पोटात कळा आणि जुलाब होतात. बहुतेकांना दिवसाभरात बरं वाटतं. पण उलट्या थांबतच नसतील, माणूस गुंगीत जात असेल, डोळे पिवळे दिसत असतील किंवा लघवी होत नसेल, तर मीठ-साखरेच्या पाण्यावर वेळ न काढता रुग्णालय गाठायचं. यकृत निकामी होऊन मृत्यू आल्याची उदाहरणं विरळ आहेत, पण आहेत. बेल्जियममध्ये २००८ साली पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्लेला वीस वर्षांचा विद्यार्थी रात्रीतून दगावला. ती स्पॅगेटी होती, पण जिवाणू हाच.

म्हणून भात गार करण्यात किती तास गार केला याच्याआधी पहिला तास कसा गेला ते पाहायचं. ब्रिटनची अन्नसुरक्षा संस्था शक्यतो तासाभरात भात गार करून फ्रीजमध्ये ठेवा आणि चोवीस तासांत संपवा, असं सांगते. अमेरिकी सल्ला एरवी दोन तासांचा आहे, पण हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तिथेही एकच तास. एप्रिल-मे महिन्यात नागपूरकरांनी आणि मुंबईकरांनी कुठला आकडा धरायचा ते सांगायला नको.

तासाभरात गार करणं बोलायला सोपं आहे. कुकरच्या डब्यात तसाच ठेवलेला दहा सेंटीमीटर जाडीचा भात वरून निवल्यासारखा वाटतो, आत बोट घातलं तर दोन तासांनीही ऊन लागतो. उष्णता थरातून बाहेर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी चौपट, तर वेळ सुमारे सोळापट. म्हणून जेवणं उरकली आणि भात उरलाय असं दिसलं की लगेच तो परातीत दोन-अडीच सेंटीमीटर जाडीने पसरायचा, गोळे डावाने मोडायचे आणि पंखा लावायचा. वीस-पंचवीस मिनिटांत तो हाताला थंड लागायला लागतो. मग उथळ डब्यात भरून झाकण लावून फ्रीजमध्ये. किंचित कोमट असला तरी चालेल. फ्रीज बिघडतो या धाकाने तासन्‌तास बाहेर ठेवण्यापेक्षा ते बरं. फक्त उकळतं पातेलं आत ढकलायचं नाही, शेजारचं दूध तापतं. वीज गेली तर फ्रीजचं दार उघडायचं नाही, बंद फ्रीज चारेक तास थंड राहतो. त्याहून जास्त वेळ वीज गेली तर भातावर पाणी सोडावं.

गरम करताना आधी गोळे फोडायचे, पाण्याचा हबका मारायचा, झाकण ठेवून मधल्या भागापर्यंत वाफ येऊ द्यायची. मायक्रोवेव्हमध्ये मध्येच एकदा हलवून घ्यायचा, नाहीतर कडेला चटका आणि मध्ये बर्फ. लागेल तेवढाच काढून एकदाच गरम करायचा. पुनःपुन्हा गार-गरम केल्याने रेझिस्टंट स्टार्च वाढेल म्हणून तसं करणारे लोक भेटतात. त्यात प्रत्येक फेरीला भात पुन्हा कोमट पट्ट्यातून जातो.

आणि एक. रात्रभर बाहेर राहिलेला भात आपण खायचा नाही, पण ‘टाकवत नाही’ म्हणून कामवाल्या बाईंच्या डब्यात भरायचा, हा उद्योग पुष्कळ घरांत चालतो. जे आपल्या पोटाला चालत नाही ते त्यांच्या पोटाला कसं चालेल? तो भात ओल्या कचऱ्यातच जायला हवा.

सगळे तांदूळ सारखे कडक होत नाहीत. मोकळा, फडफडीत होणारा तांदूळ गार झाला की जास्त कडक होतो, कारण त्यात अमायलोजचं प्रमाण जास्त असतं. इंद्रायणीसारखा चिकट, मऊ तांदूळ दुसऱ्या दिवशीही बराच मऊ राहतो आणि त्यात या युक्तीचा फायदाही कमीच. कोकण-गोव्यातल्या उकड्या तांदळाची गोष्ट निराळी आहे. तो टरफलासकट भिजवून उकडतात आणि वाळवून मग सडतात. शिजणं आणि गार होणं ही फेरी त्याच्या बाबतीत गिरणीत जायच्या आधीच एकदा झालेली असते, त्यामुळे पांढऱ्या तांदळापेक्षा तो सामान्यतः सावकाश पचतो. पण पेज करताना तो जितका जास्त आटवाल तितका हा फरक पुसट होतो.

मधुमेह असलेल्यांनी दुसऱ्याचे आकडे मानण्यापेक्षा स्वतःचे पाहावेत, ग्लुकोमीटर अनेकांच्या घरात असतोच. फक्त एक मेख आहे. गार भातातलं पाणी थोडं उडालेलं असतं, म्हणून दोन्ही दिवशी शिजवल्यानंतर लगेच वजन करून तेवढाच भाग बाजूला काढायचा, दुसऱ्या दिवशी मोजून नाही. आमटी आणि भाजी दोन्ही दिवशी तीच, वेळही तीच, जेवल्यावर फेरफटका मारायचा असेल तर दोन्ही दिवशी. जेवणाआधी, तासाने आणि दोन तासांनी साखर पाहायची. एकाच जोडीवर निष्कर्ष काढू नये, तेच जेवण तसंच घेतलं तरी साखर दहा-वीस अंकांनी इकडेतिकडे होते. आणि तुलनेला तिसरा दिवसही ठेवावा: ताजाच भात, पण दोनशेऐवजी दीडशे ग्रॅम. त्यात चौदा ग्रॅम कर्बोदकं थेट कमी होतात आणि गार केल्याने दोनच ग्रॅम बाजूला पडले होते. या तिसऱ्या दिवसाचा आकडा सगळ्यांत चांगला आला, तर मला नवल वाटणार नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पोलंडमध्ये टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांवर असा प्रयोग झाला आणि २०२२मध्ये त्याचे निष्कर्ष आले. इन्सुलिनचा डोस तोच ठेवून ताज्याऐवजी चोवीस तास गार करून गरम केलेला भात दिल्यावर जेवणानंतरची साखर कमी चढली, हे अपेक्षेप्रमाणेच होतं. पण साखर धोक्याच्या पातळीखाली जाण्याचे प्रसंगही या भाताच्या दिवशी जास्त आले. इन्सुलिनचा जोर नेहमीइतकाच होता, पण भातातून रक्तात आलेलं ग्लुकोज त्यामानाने कमी पडलं. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांच्या बाबतीतही, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या, हीच गोष्ट लक्षात ठेवावी. ताज्या भाताच्या हिशेबाने ठरलेला डोस घेऊन शिळा भात खायचा असेल, तर पहिल्या काही वेळा दोन तासांच्या आसपासची साखर मोजावीच आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी.